पनवेलहून रात्री साडेबाराची कोकणकन्या: तिकिटावर 11 सप्टेंबर की 12?

खारघरची_वैदेही | 10 जुलै, रात्री 9:40

यंदा गणपती सोमवारी, 14 सप्टेंबरला आहेत. आम्हाला शुक्रवारी ऑफिस आटपून रात्री निघायचंय, म्हणजे शनिवारी सकाळी कुडाळ. सीएसएमटीहून 23:05 ला सुटणारी कोकणकन्या (20111) पनवेलला साडेबाराच्या आसपास येते, तीच सोयीची. घरात मात्र दोन पक्ष पडलेत. सासरे म्हणतात, "आपण शुक्रवारी रात्री निघतोय ना, मग 11 टाक." नणंद म्हणते 12. दोघंही इतक्या ठामपणे बोलतात की मी बुकिंगचं पान उघडून नुसती बसलेय.

दुसरा पर्याय तुतारी (11003). ती दादरहूनच 00:05 ला सुटते आणि पनवेलला सव्वाच्या सुमारास येते. तिच्यासाठी तारीख वेगळी धरायची का? आणि मुख्य म्हणजे, सकाळी आठला बुकिंगला नक्की कुठल्या दिवशी बसू? सहा जण आहोत, एकदा चुकलं तर मग गाडी करून जावं लागेल.

मालवणी_मिरची | रात्री 9:52

बारा वाजले काय तारीख बदलली. 12 घाल आणि गप रव. दोन्ही गाड्यांका 12.

शेंडे_दादर | रात्री 10:15

मिरचीताई, इतकं सोपं नाही ते. तिकिटावर गाडीची तारीख असते, प्रवाशाची नाही. गाडी 11 ला सीएसएमटीहून सुटते, म्हणजे ती 11 तारखेची कोकणकन्या. मी वर्षानुवर्षं या गाडीने जातोय आणि शुक्रवारी निघालो की तिकिटावर शुक्रवारचीच तारीख असते. वैदेही, सासऱ्यांचं ऐका.

मालवणी_मिरची | रात्री 10:19

शेंडेकाका, तुम्ही चढता खंय?

शेंडे_दादर | रात्री 10:24

दादरला. का?

रुळावरचा | रात्री 11:02

"का"मध्येच सगळं आहे, शेंडेसाहेब. दादरला ती सव्वाअकराच्या सुमारास असते, ठाण्याला पावणेबाराच्या. तिथे अजून शुक्रवारच चालू असतो, म्हणून तुमच्या तिकिटावर 11. तीच गाडी, तोच डबा, पण पनवेलला पोचेपर्यंत बारा वाजून गेलेले असतात, म्हणून पनवेलच्या माणसाच्या तिकिटावर 12. तुमचं तिकीट बरोबरच आहे. त्यावरून तुम्ही काढलेला नियम चुकीचा आहे.

मी आरक्षण खिडकीवर बरीच वर्षं काढली. हा प्रश्न गणपतीच्या आधी आणि मे महिन्यात रोज यायचा. 'पासून' या रकान्यात जे स्थानक भरलंय, तिथून गाडी सुटते त्या क्षणी भिंतीवरच्या कॅलेंडरवर जी तारीख असते, तीच प्रवासाची तारीख. दिवस 00:00 ला बदलतो. साडेबारा म्हणजे 00:30, म्हणजे दिवस सुरू होऊन अर्धा तास झालेला.

आता सासऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे पनवेल ते कुडाळ, 11 सप्टेंबर असं टाकलं तर काय होईल ते बघा. संगणक अजिबात तक्रार करणार नाही, कारण 11 तारखेलाही पनवेलला 00:30 ला एक कोकणकन्या येते. पण ती गुरुवारी, 10 ला सीएसएमटीहून सुटलेली. तुम्ही शुक्रवारी ऑफिसातून निघायच्या आधीच ती कुडाळला पोचलेली असेल. शुक्रवारी रात्री ते तिकीट घेऊन चढलात तर तक्त्यात तुमची नावं नसतील, तुमच्या बर्थवर दुसरंच कुटुंब असेल आणि तिकीट तपासनीस तुम्हाला विनातिकीट धरेल. रोजच्या गाडीत हाच धोका असतो. आठवड्यातून एकदा धावणारी गाडी असती तर चुकीच्या तारखेला ती दिसलीच नसती आणि चूक तिथेच कळली असती.

तेव्हा पनवेलहून 12. तुतारीलाही पनवेलहून 12.

खारघरची_वैदेही | रात्री 11:10

नणंद जिंकली :) सासऱ्यांना सकाळी चहाबरोबर सांगते.

मग साठ दिवस मोजायचे ते 12 सप्टेंबरपासून मागे ना? माझ्या हिशेबाने 14 जुलै येतो, मंगळवार.

रुळावरचा | रात्री 11:31

थांबा, इथेच माणसं एक दिवस गमावतात.

तिकिटावर तारीख तुमच्या स्थानकाची. पण बुकिंग कधी उघडणार हे गाडी तिच्या मूळ स्थानकाहून ज्या दिवशी सुटते, त्या दिवसावरून ठरतं. नोव्हेंबर 2024 पासून ही मुदत साठ दिवसांची झाली, त्याआधी 120 होती, आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. कोकणकन्या मूळ स्थानकाहून 11 सप्टेंबरला सुटते. तिथून साठ दिवस मागे गेलात की 13 जुलै, सोमवार. त्या सकाळी आठला सीएसएमटी, ठाणे, पनवेल सगळ्यांचं एकदम उघडतं. पनवेलवाल्याने त्या दिवशी भरायची तारीख मात्र 12 सप्टेंबर, जी कॅलेंडरवर एकसष्ट दिवस पुढे दिसते.

तुम्ही मंगळवारी बसला असतात तर हंगामाच्या गाडीत काय उरलं असतं ते सांगायला नको.

तुतारीचं उलट आहे. ती दादरहूनच 12 ला, 00:05 ला सुटते. मूळ स्थानकाची तारीखच 12, म्हणून तिचं बुकिंग 14 जुलैला. पनवेलला दोन्ही गाड्या एकाच रात्री, तास-पाऊण तासाच्या अंतराने येतात, दोन्हींच्या तिकिटांवर 12 छापलेलं असतं, आणि तरी बुकिंगच्या सकाळी वेगळ्या.

निशिगंधा_ठाणे | रात्री 11:48

हे वाचून डोकं गरगरलं. ठाण्याहून तुतारी साडेबाराच्या पुढे-मागे असते. तिची तारीख 12, आणि त्याच रात्री पाऊण तास आधी ठाण्याहून गेलेल्या कोकणकन्येची 11?

रुळावरचा | रात्री 11:55

हो. तुम्ही ठाण्याहून दोन्ही गाड्या एकाच तारखेला शोधल्यात तर त्या एकाच रात्रीच्या नसतात. 12 टाकलंत की यादीत तुतारी दिसेल ती शुक्रवारच्या रात्रीची, आणि कोकणकन्या दिसेल ती शनिवारच्या रात्रीची. यादी वेळेनुसार लावली की तुतारी वर येते आणि कोकणकन्या पार खाली. वर-खाली जागा बघूनच ओळखायचं.

संदीप_डोंबिवली | 11 जुलै, सकाळी 7:20

चांगला विषय. माझा पास 11 तारखेला संपतोय. त्या रात्री सेकंड शिफ्ट सुटून शेवटची कर्जत लोकल पकडली, ती बारानंतर सुटते, तर पास चालेल का? टीसी म्हणाला तर काय सांगायचं?

मालवणी_मिरची | सकाळी 7:34

संदीपभाऊ, हयसर आरक्षणाचा चाललाहा. पण बारा वाजले म्हणजे 12 तारीख, तेव्हा टीसीशी हुज्जत घालण्यापेक्षा नवो पास आदल्या दिवशीच काढा.

संदीप_डोंबिवली | सकाळी 7:41

म्हणजे एक दिवसाचे पैसे फुकट. असो.

कौस्तुभ_जी | सकाळी 9:05

तत्काळबद्दल कोणीच बोललं नाही. ते तरी साधं आहे: प्रवासाच्या आदल्या दिवशी, एसीचं दहाला, स्लीपरचं अकराला. साठ दिवसांच्या बुकिंगमध्ये नाही मिळालं तर वैदेहीताईंनी 11 सप्टेंबरला सकाळी दहाला बसायचं. शुक्रवारच आहे, ऑफिसमधून करता येईल.

रुळावरचा | सकाळी 10:12

कौस्तुभ, वेळा बरोबर, दिवस चुकला. तत्काळचा "आदला दिवस" हाही मूळ स्थानकावरून गाडी सुटण्याच्या आदला दिवस. कोकणकन्या 11 ला सुटते, म्हणून तत्काळ 10 ला, गुरुवारी. शुक्रवारी दहाला बसाल तर ते उघडून चोवीस तास झालेले असतील. तुतारीसाठी मात्र शुक्रवार बरोबर आहे.

साठ दिवसांच्या बुकिंगपेक्षा इथे नुकसान जास्त, कारण तत्काळ काही मिनिटांत संपतं. पनवेल, रत्नागिरी, कुडाळ इथून मध्यरात्रीनंतर गाडी पकडणाऱ्यांचा तत्काळचा दिवस असा हातोहात जातो. लांबच्या गाडीत तर दोन दिवसांचाही फरक पडू शकतो. गाडी तुमच्या स्थानकावर तिसऱ्या दिवशी पोचत असेल, तर तत्काळ तुमच्या प्रवासाच्या तीन दिवस आधी उघडतं.

ओळखायचं कसं? गाडीच्या वेळापत्रकाचं पान उघडा. प्रत्येक स्थानकासमोर येण्याची वेळ, सुटण्याची वेळ आणि 'दिवस' असा एक रकाना असतो. कोकणकन्येच्या पानावर ठाण्यासमोर 1 आणि पनवेलसमोर 2 दिसेल. तुतारीच्या पानावर पनवेलसमोर 1. तो आकडा 1 असेल तर काही करायचं नाही. 2 असेल तर बुकिंग आणि तत्काळ दोन्ही तुमच्या तिकिटावरच्या तारखेच्या हिशेबापेक्षा एक दिवस आधी.

कौस्तुभ_जी | सकाळी 10:30

तो रकाना मी आजवर अंतराचा काहीतरी आकडा समजत होतो.

शेंडे_दादर | सकाळी 11:18

रुळावरचे, पटलं. पण मग मला एक सांगा. माझ्या मेव्हण्याचं गेल्या वर्षीचं तिकीट माझ्या फोनमध्ये आहे. तो पनवेललाच चढला, रात्री बारानंतरच, आणि तिकिटावर सुटण्याची तारीख आदल्या दिवसाची. आणि त्याला कोणी उतरवलं नाही. हे कसं?

रुळावरचा | दुपारी 12:03

त्याचं तिकीट सीएसएमटी किंवा ठाण्यापासूनचं असेल आणि चढण्याचं स्थानक पनवेल करून घेतलेलं असेल. बघा, दोन स्थानकं वेगवेगळी छापलेली दिसतील.

शेंडे_दादर | दुपारी 12:09

हो! ठाणे ते सावंतवाडी, चढणार पनवेल.

रुळावरचा | दुपारी 12:40

मग बरोबर. तारीख शोधताना 'पासून' मध्ये ठाणे भरलं होतं, ठाण्याला गाडी 23:45 ची, म्हणून तारीख शुक्रवारची. नंतर चढायचं ठिकाण पुढे सरकवलं तरी प्रवासाचा मूळ हिशेब ठाण्यापासूनचाच राहतो. असं लोक का करतात? कधी पनवेलच्या वाट्याला प्रतीक्षा यादी असते आणि सुरुवातीच्या स्थानकाहून जागा दिसते. भाड्यात थोडा फरक पडतो, तो सोसतात.

दोन गोष्टी सांभाळा. चढण्याचं ठिकाण पनवेल केल्यावर ठाण्याला चढायचा हक्क राहत नाही, तेव्हा "बघू, जिथून जमेल तिथून" असं चालत नाही. आणि घरातल्या सहा जणांपैकी चौघांचं तिकीट पनवेलहून, दोघांचं ठाण्याहून काढलंत, तर एकाच गाडीची दोन तिकिटं दोन तारखांची होतील. ती चूक नव्हे. उलट दोन्हींवर सारखीच तारीख असेल तर घाबरायचं, कारण मग अर्धं कुटुंब एक रात्र आधी किंवा नंतर जाणार.

खारघरची_वैदेही | दुपारी 1:15

हा मुद्दा कामाचा. दीर ठाण्याला राहतात, त्यांचं तिकीट त्यांच्याकडूनच चढायचंय. म्हणजे त्यांच्यासाठी 11, आमच्यासाठी 12. हे सासऱ्यांना समजावणं ही वेगळीच मोहीम.

आजीचा_पंचांगवाला | दुपारी 2:26

सासऱ्यांची बाजू घेतो. आपल्याकडे वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. साडेबाराला अजून शुक्रवारच असतो आणि प्रस्थानही शुक्रवारचंच धरतात. माझी आजी पहाटे तीनच्या एसटीलासुद्धा "कालची गाडी" म्हणायची. त्यांना सांगा, तुम्ही पंचांगाने बरोबर आहात, रेल्वे कॅलेंडरने चालते. भांडण मिटेल.

रेणुका_ओसाका | सायंकाळी 5:50

जपानमध्येही हुबेहूब हेच. इथे पश्चिमेकडून तोक्योला जाणारी सनराइज नावाची शयनगाडी आहे, ती ओसाकाला रात्री 12:34 च्या आसपास सुटते. तिकिटावर नवी तारीख. पण आरक्षण उघडतं ते गाडी सुरुवातीच्या स्थानकाहून निघते त्या तारखेच्या बरोबर एक महिना आधी, सकाळी दहाला. ती निघते आदल्या संध्याकाळी, म्हणून ओसाकाकरांना एक दिवस आधी खिडकीवर जावं लागतं. ही गाडी इतकी लोकप्रिय आहे की एक दिवस उशीर म्हणजे जागा गेलीच.

आता बंद झालेली मूनलाइट नागारा आठवते. तिच्यात लोक दिवसाच्या हिशेबाचा स्वस्त पास वापरत. तोक्योहून ती रात्री अकरानंतर सुटायची आणि मध्यरात्रीनंतरचा पहिला थांबा ओदावारा, 0:31 ला. लोक तोक्यो ते ओदावारा साधं तिकीट काढायचे आणि पासचा दिवस ओदावारापासून सुरू करायचे. एका दिवसाचा शिक्का वाचायचा.

मालवणी_मिरची | सायंकाळी 6:02

ह्यां आमच्या लोकांका सांगू नको हां, पनवेलाक सुरू करतील.

अमोघ_वाकड | रात्री 8:44

मी गाडीवाला नाही, बसवाला. वाकडहून कोल्हापूरला जाणारी खासगी बस मुंबईहून रात्री नऊला निघते, वाकडला 12:40. मी 15 तारीख टाकून तिकीट काढलं, कारण वरच्या नियमाने 12:40 म्हणजे 15. बस कंपनी म्हणाली, तुमची बस 15 ला रात्री मुंबईहून निघेल, वाकडला 16 ला 12:40. पैसे गेले नाहीत, पण रात्र गेली. मग बसमध्ये नियम उलटा का?

रुळावरचा | रात्री 9:20

बसबद्दल मी छातीठोक सांगणार नाही. रेल्वेत एकच यंत्रणा सगळ्यांना लागू आहे. खासगी बसमध्ये मी दोन्ही प्रकार पाहिलेत: कुणी सेवेची तारीख धरतं, म्हणजे बस मुंबईहून निघाली तो दिवस, तर कुणी थांब्याची.

प्रज्ञा_तिकीटवाली | रात्री 10:05

माझा पुण्यात बसबुकिंगचा छोटा धंदा आहे. अमोघ, तारखेच्या चौकटीवर विश्वास ठेवू नका. थांबा निवडता तेव्हा थांब्याच्या वेळेशेजारी तारीख येते का बघा. येत असेल तर ती वाचायची. नुसतं 12:40 लिहिलेलं असेल, तर बस पहिल्या थांब्याहून कुठल्या तारखेला किती वाजता निघते ते बघायचं. ती रात्री नऊची आणि तुमचा थांबा 12:40 चा, म्हणजे तुमची रात्र पुढच्या तारखेची. तेही कळलं नाही तर कंपनीला फोन करून "शुक्रवारची रात्र उजाडून शनिवार" असं बोलायचं. आम्ही गिऱ्हाइकाशी तारीख बोलतच नाही, दोन वार बोलतो.

अमोघ_वाकड | रात्री 10:11

दोन वार बोलणं आवडलं. पण कंपनीने चूक केली की मी, हे तरी सांगा.

प्रज्ञा_तिकीटवाली | रात्री 10:19

तिकिटावर थांब्याशेजारी तारीख छापलेली होती का, यावर आहे. होती आणि ती 16 असेल तर तुमची. नसेल तर मी त्यांच्याशी भांडले असते.

निशिगंधा_ठाणे | 12 जुलै, सकाळी 8:30

गाडी उशिरा आली तर? ठाण्याचं कोकणकन्येचं 11 चं तिकीट आहे आणि गाडी 00:40 ला आली, म्हणजे 12 ला. तेव्हा तिकीट जुनं झालं का?

रुळावरचा | सकाळी 9:02

नाही. तारीख वेळापत्रकातल्या वेळेची असते, प्रत्यक्ष येण्याची नव्हे. गाडी सहा तास उशिरा आली तरी ती 11 चीच गाडी. तपासनिसाच्या हातातला तक्ताही त्याच गाडीचा.

मात्र उशीर किती हे फोनवर बघताना पुन्हा घोळ होतो. तिथे गाडी सुरू झाल्याची तारीख विचारतात. पनवेलला शुक्रवारी रात्री, बारा वाजून दहा मिनिटांनी कोकणकन्या कुठे आहे हे बघायला तिकिटावरची 12 निवडलीत, तर "गाडी अजून सुटलेली नाही" असं दिसेल आणि फलाटावर रडारड होईल. तेव्हा 11 निवडायची, म्हणजे "काल सुटलेली". तुतारीसाठी 12.

आणि वैदेहीताई, तिकीट हातात आल्यावर एक काम करा. फोनवरच्या कॅलेंडरात प्रवासाची नोंद 12 ला करू नका. शुक्रवार 11, रात्री साडेदहा, "घरातून निघणे" अशी करा. खिडकीवर रडत येणाऱ्यांत चुकीची तारीख काढणारे कमी असायचे. जास्त असायचे ते बरोबर तिकीट घेऊन शनिवारी रात्री पनवेलला जाणारे. तिकिटावर 12 वाचलं, दिवसभर सामान भरलं, रात्री निघाले. गाडी सुटून वीस-बावीस तास झालेले, आणि अशा वेळी परतावा मिळत नाही, कारण रद्द करायची मुदतही गाडीच्या खऱ्या सुटण्याच्या वेळेवरून मोजतात.

खारघरची_वैदेही | 13 जुलै, सकाळी 8:21

आठच्या ठोक्याला बसले. पनवेल ते कुडाळ, 12 सप्टेंबर, उघडलं होतं! चार बर्थ पक्के, दोघांचं प्रतीक्षा यादीत. दिरांचं ठाण्याहून 11 चं पक्कं झालं. उद्या सकाळी आठला तुतारीवर दोघांसाठी पुन्हा बसते.

सासऱ्यांनी दोन्ही तिकिटं शेजारी ठेवून बघितली आणि म्हणाले, "यातलं एक चुकलंय."

शेंडे_दादर | सकाळी 8:33

माझ्याकडे पाठवा त्यांना, मी समजावतो. दोन दिवसांपूर्वी मीही तिथेच होतो.

संदीप_डोंबिवली | सकाळी 8:40

माझ्या पासचं कोणी सांगितलंच नाही अजून.